पोर्क चॉप आणि सॉसेज : तवा की ओव्हन

गोव्यात चोरीसच्या माळा बाजारात टांगलेल्या दिसतात. व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरलेले हे डुकराचे मांस वाळवलेले असले, तरी शिजवलेले नसते. त्याचा मूळ रंगच लालभडक. त्यामुळे ‘आतून लाल राहिले का’ ही घरगुती कसोटी इथे फसते. भरवसा थर्मामीटरचाच.

अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अखंड तुकड्यांसाठी 63 अंश सेल्सिअस आणि त्यानंतर 3 मिनिटे विश्रांती असा नियम केला. खिम्यासाठी मात्र 71 अंश कायम राहिले. कारण साधे आहे: अखंड मांसात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, तर खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. सॉसेज म्हणजे आतड्यात भरलेला मसालेदार खिमाच.

चार सेंटिमीटर जाडीचा चॉप नुसत्या तव्यावर ठेवला, की बाहेरून करपतो आणि मधोमध कच्चा राहतो. म्हणून जाड बुडाच्या तव्यावर दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटे तांबूस करून तो 180 अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवावा. सातव्या-आठव्या मिनिटापासून थर्मामीटरची सुई कडेने मध्यापर्यंत खुपसून पाहावे. ती हाडाला टेकली, तर आकडा चुकीचा येतो.

सॉसेजला तवा पुरतो. थोडे पाणी घालून झाकण ठेवावे, आच मंद असावी. मोठ्या आचेवर साल फुटून चरबी वाहून जाते. पाणी आटल्यावर सॉसेज परतावे आणि सुई टोकाकडून लांबीत घालून 71 अंश झाले का ते पाहावे.