ओतीव लोखंडाची भंगकसोटी : दोन सिद्धांतांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ओतीव लोखंड, म्हणजेच बीड, हा ठिसूळ धातू आहे. तुटण्यापूर्वी तो फारसा लांबत अथवा वाकत नाही. शिवाय त्याची दाब सहन करण्याची शक्ती ताण सहन करण्याच्या शक्तीच्या कितीतरी पट असते. इंग्लंडमध्ये ईटन हॉजकिन्सन यांनी १८३०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत हे प्रमाण सुमारे सहापट आढळले. म्हणूनच बिडाच्या तुळईची ताणाखाली येणारी खालची पट्टी दाबाखालील वरच्या पट्टीच्या सुमारे सहापट क्षेत्रफळाची असावी, असे त्यांनी सुचविले. परंतु एकाच बिंदूवर एका दिशेने ताण व दुसऱ्या दिशेने दाब असेल तर भाग केव्हा भंगेल, हा प्रश्न तुळईच्या या नियमाने सुटत नव्हता. या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे कशी पुढे आली व त्यांची पारख कशी झाली, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

दोन सिद्धांतांचा उगम

पहिला सिद्धांत महत्तम प्रमुख प्रतिबलाचा होय. तो ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम रँकिन (१८२०-१८७२) यांच्या नावाने ओळखला जातो. परस्परांना लंब अशा ज्या प्रतलांवर कर्तन प्रतिबल शून्य असते, त्या प्रतलांवरील प्रतिबले ही प्रमुख प्रतिबले. त्यांपैकी एखादे ताणशक्ती वा दाबशक्ती गाठते तेव्हा पदार्थ भंगतो, असे हा सिद्धांत सांगतो. दुसऱ्या दिशेतील प्रतिबलाचा परिणाम तो मुळीच विचारात घेत नाही.

दुसऱ्या सिद्धांताचे मूळ धातूंत नसून दगड व मातीत आहे. फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल कूलोम यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे स्तंभ, धारक भिंती व कमानी यांवरील प्रबंध सादर केला. तो १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पदार्थ तिरप्या प्रतलावर घसरून तुटतो आणि त्या प्रतलावरील संसक्तीबरोबरच दाबामुळे निर्माण होणारे घर्षणही घसरण्यास विरोध करते, अशी त्यांची मांडणी होती. ठिसूळ पदार्थ दाबाखाली अधिक बळकट का असतो, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले. पुढे ऑटो मोर यांनी १९०० मध्ये प्रतिबल वर्तुळांच्या साहाय्याने या विचाराला व्यापक रूप दिले. केवळ ताणाचे व केवळ दाबाचे वर्तुळ काढून त्यांना समाईक सरळ स्पर्शिका काढली, की अंतर्गत घर्षणाचा सिद्धांत मिळतो.

एक उदाहरण

बिडाच्या एका पोकळ स्तंभावर अक्षीय दाब व पीळ एकाच वेळी येत आहेत असे समजू. त्याची ताणशक्ती २०० व दाबशक्ती ७५० मेगापास्कल आहे. बाह्य पृष्ठभागावर दाब प्रतिबल २०० आणि कर्तन प्रतिबल १७३ मेगापास्कल आहे. मोरच्या वर्तुळाचे केंद्र -१०० वर येते आणि त्रिज्या २०० भरते. त्यामुळे प्रमुख प्रतिबले १०० ताण व ३०० दाब अशी मिळतात.

महत्तम प्रमुख प्रतिबलानुसार ताणाच्या दिशेने सुरक्षा गुणांक २००/१०० म्हणजे २.०, तर दाबाच्या दिशेने ७५०/३०० म्हणजे २.५ येतो. लहान आकडा ग्राह्य धरावयाचा असल्याने भाग दुप्पट सुरक्षित ठरतो. अंतर्गत घर्षणानुसार मात्र दोन्ही अंशांची बेरीज करावी लागते :

१००/२०० + ३००/७५० = ०.५ + ०.४ = ०.९

येथे सुरक्षा गुणांक १/०.९, म्हणजे केवळ १.११ उरतो. भाग तोच, भार तोच. पण एका कसोटीने तो निश्चिंत वापरावा असा, तर दुसऱ्या कसोटीने भंगाच्या उंबरठ्यावर असलेला ठरतो. दोन्ही प्रतिबले ताणाची असती तर दोन्ही सिद्धांतांचे उत्तर एकच आले असते. मतभेद उद्भवतो तो केवळ ताण व दाब एकत्र येतात तेथे.

प्रयोगांचा निर्णय

या मतभेदाची एक पारख साध्या पिळाच्या चाचणीत होते, कारण तेथे ताण व दाब समान असतात. वरील बिडासाठी अंतर्गत घर्षणाचा सिद्धांत पिळातील भंग १५८ मेगापास्कलला सांगतो. प्रत्यक्षात बिडाची पीळशक्ती ताणशक्तीइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिक आढळते आणि दांडा ४५ अंशांच्या मळसूत्री पृष्ठावर तुटतो. येथे रँकिनची कसोटी सत्याच्या अधिक जवळ आहे. परंतु दाब वाढत गेला की ती धोकादायक ठरते. ग्रासी व कॉर्नेट यांनी १९४९ मध्ये आणि कॉफिन यांनी १९५० मध्ये बिडाच्या नळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे दिसून आले. बिडातील ग्रॅफाइटच्या पाकळ्या ताणाखाली सूक्ष्म भेगांसारख्या वागतात, तर दाबाखाली त्या मिटतात. हे त्यामागील कारण आहे.

बर्टन पॉल यांच्या १९६१ मधील सुधारणेने या दोहोंची सांगड घातली. दाब ताणापेक्षा मोठा नसेल तोवर रँकिनची मर्यादा ठेवावयाची आणि त्यापुढे केवळ दाबशक्तीच्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढावयाची. वरील उदाहरणात या रीतीने सुरक्षा गुणांक १.३० येतो.

निष्कर्ष

बिडाच्या बाबतीत कोणताही एक सिद्धांत सर्वत्र लागू पडत नाही. दोन्ही प्रमुख प्रतिबले ताणाची असतील तर रँकिनची कसोटी पुरेशी आहे. ताणाबरोबर त्याहून मोठा दाब असेल तर केवळ तिच्यावर विसंबणे असुरक्षित होय. तेथे अंतर्गत घर्षणाची कसोटी सुरक्षित पण काहीशी खर्चिक, तर सुधारित कसोटी प्रयोगांशी अधिक जुळणारी ठरते. म्हणून गणित मांडताना प्रथम प्रमुख प्रतिबलांची चिन्हे पाहावीत आणि मगच कसोटी निवडावी.