काम एक नंबर, पण वागणं खटकतंय: अशा कर्मचाऱ्याचं अप्रेझल न्याय्य कसं करायचं?

मार्च-एप्रिल आला की ऑफिसात अप्रेझलची चर्चा सुरू होते. कोणाला किती टक्के वाढ, कोणाचं प्रमोशन अडकलं, हेच डब्याच्या वेळी आणि परतीच्या लोकलमध्येही. या काळात टीम सांभाळणाऱ्याला सगळ्यात अवघड जातो तो एक माणूस. टार्गेट पूर्ण करणारा, ग्राहकांचा लाडका, पण ज्याचं नाव निघताच बाकीचे गप्प होतात.

अशा माणसाच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. एक तर आकडे चांगले आहेत म्हणून साहेब वागण्याचा विषयच काढत नाहीत. नाहीतर वर्षभर कानावर आलेलं सगळं एकदम त्याच्या अंगावर टाकतात. दोन्ही प्रकार अन्यायाचेच आहेत. पहिला सहकाऱ्यांवर, दुसरा त्या माणसावर.

मग मधला रस्ता कोणता? एक उदाहरण घेऊन पाहू.

उदाहरण काय आहे?

समजा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॅकिंग मशिन बनवणारी एक छोटी कंपनी आहे. कंपनी आणि माणसं काल्पनिक आहेत, पण प्रसंग अनेकांना ओळखीचा वाटेल. तिथल्या एका सेल्सवाल्याने वर्षाचं टार्गेट ११५ टक्के पूर्ण केलंय. साहेबांकडे मात्र त्याच्याबद्दल चार तक्रारी आल्या आहेत.

पहिली, तो डिस्पॅचला न विचारताच ग्राहकाला मशिन पोहोचवण्याची तारीख देतो. दुसरी, तारीख हुकली की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसमोर डिस्पॅचवाल्या ताईंना टाकून बोलतो. तिसरी, तो घमेंडी आहे, कोणासोबत डबा खात नाही आणि सहा वाजून दहा मिनिटांनी बॅग उचलतो. चौथी, तो ग्राहकांची माहिती लपवून ठेवतो.

तक्रारी आधी गाळून का घ्यायच्या?

कारण या चारही एका मापाच्या नाहीत. प्रत्येक तक्रारीला तीन प्रश्न विचारायचे. नेमकं काय घडलं? कधी घडलं? त्यामुळे कोणाच्या कामावर काय परिणाम झाला?

या चाळणीतून तिसरी तक्रार लगेच बाद होते. कल्याणला राहणाऱ्या माणसाने वेळ संपल्यावर लोकल गाठायला निघणं हा दोष नाही. एकट्याने डबा खाणं हा स्वभाव झाला, आणि स्वभावाला मार्क द्यायचे नसतात. चौथी तक्रार दोघांनी केली, पण एकालाही प्रसंग सांगता आला नाही. तो विषय माहिती विचारण्यापुरता ठेवायचा, आरोप म्हणून नाही.

उरल्या दोन, आणि त्यांचा पुरावा कागदावर मिळतो. साहेबांनी ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांच्या २२ ऑर्डर तपासल्या. त्यातल्या ७ ऑर्डरमध्ये डिस्पॅचला विचारल्याची नोंद नव्हती. या ७ पैकी ४ वेळा डिस्पॅचला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं, २ वेळा तारीख हुकली आणि एकदा सगळं निभावलं. व्हॉट्सॲपवर अपमानाचे दोन मेसेज तारखेसह सापडले.

आता चित्र बदलतं. ११५ टक्क्यांचं यश फक्त त्याचं राहत नाही. त्यातला काही भाग डोंबिवलीला रात्री दहा वाजता घरी पोहोचणाऱ्या ताईंच्या वेळेवर उभा आहे. ‘स्वभाव तिखट आहे’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी ठोस आहे.

‘सगळे म्हणतात’ का चालत नाही?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पाहण्यासारखा आहे. देव दत्त हे सीमा रस्ते विभागातले कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ शेरा लागत होता. त्यांना हा शेरा कधी कळवलाच नव्हता, आणि बढती हुकली. १२ मे २००८ ला न्यायालयाने सांगितलं, की शेरा वाईट असो वा चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम ठेवली.

हा नियम सरकारी आणि सरकारच्या अखत्यारीतल्या नोकऱ्यांसाठी आहे. खासगी कंपनीला तो तसाच लागू होत नाही. पण त्यामागचं तत्त्व कुठल्याही ऑफिसात लागू पडतं. ज्या मतामुळे माणसाचं नुकसान होणार आहे, ते त्याला माहीत हवं आणि त्यावर बोलायची संधी हवी.

याची दुसरी बाजू साहेबांना टोचणारी आहे. वर्षभरात त्यांनी या विषयावर एकदाही तोंड उघडलं नसेल, तर ती चूक त्यांची. तेव्हा पहिल्याच अप्रेझलमध्ये त्यासाठी जबर मार्क कापणं योग्य नाही. त्या वर्षी विषय लेखी नोंदवायचा, आणि त्याचा खरा हिशोब पुढच्या वर्षी करायचा.

मीटिंगमध्ये बोलायचं कसं?

आधी कामाचं बोला आणि ते पूर्ण करा. ‘टार्गेट तू ११५ टक्के केलंस, त्याचे पूर्ण मार्क मिळतील.’ इथे ‘पण’ जोडू नका. थोडं थांबून सांगा, ‘आता दुसरा विषय, तोही तितकाच महत्त्वाचा आहे.’ कौतुकाच्या दोन थरांत तक्रार लपवली, तर समोरच्याला कौतुक खोटं वाटतं आणि तक्रार ऐकू येत नाही.

मग प्रसंग समोर ठेवा. ‘या ७ ऑर्डरमध्ये तारीख आधी दिली गेली. ४ वेळा डिस्पॅच रात्री थांबलं. हे कसं झालं, तुझ्याकडून ऐकायचंय.’ आणि खरंच ऐका.

आपल्या उदाहरणातला सेल्सवाला म्हणतो, ‘सर, ग्राहक समोर बसून तारीख मागतो. दोनदा मी फोन केला होता, कोणी उचलला नाही. शेड्यूल एकाच कॉम्प्युटरवर आहे, मला बाहेरून दिसत नाही.’ साहेबांनी त्याच्या फोनमधले कॉल पाहिले. दोन कॉल खरंच निघाले. म्हणजे ७ चे ५ झाले. हा बदल अहवालातही करायचा. ऐकून घेतल्यावर आकडा कधीच बदलत नसेल, तर ते ऐकणं नाटकी आहे.

मेसेजबद्दल मात्र सबब चालत नाही. शेड्यूल दिसत नव्हतं म्हणून कोणाचा अपमान करायची मुभा मिळत नाही.

छोट्या टीममध्ये एक अडचण हमखास येते. तक्रार कोणी केली, हे त्याला लगेच कळतं. म्हणून शक्य तिथे ऑर्डरची नोंद आणि मेसेज पुढे करा, माणसांची नावं नाही. आणि विषय निघणार आहे, हे तक्रार करणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

मार्क कसे द्यायचे?

इथे सरासरीचा सापळा आहे. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालात कामाच्या फलिताला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेला ३० टक्के वजन असतं. म्हणजे वागणुकीला कागदावर जागा आहे. आता आपल्या माणसाला कामात ९, वागण्यात ४ आणि कौशल्यात ८ दिले असं धरू. एकूण येतात ७.२. त्या पद्धतीत ६ ते ८ म्हणजे ‘अतिशय चांगला’! वागण्यातले ४ कुठे गेले, कळतही नाही.

म्हणून एकूण मार्क काढलेत तरी कामाचा आणि वागण्याचा आकडा वेगवेगळा लिहा. दोन्हींखाली दोन-तीन ओळींत कारण लिहा. ठरलेला इन्सेंटिव्ह मात्र पूर्ण द्या. वर्ष संपल्यावर नियम बदलून पैसे कापणं ही शिक्षा झाली.

आणि नियम पुढच्या वर्षासाठी नक्की तपासा. इन्सेंटिव्ह फक्त ऑर्डर घेतल्यावर मिळत असेल, तर न विचारता तारीख देण्याचं बक्षीस कंपनीच देतेय. त्यातला काही भाग वेळेत डिलिव्हरी झाल्यावर दिला, तर ती तारीख त्याचीही जबाबदारी होते.

पुढे काय ठरवायचं?

‘वागणं सुधार’ असं लिहिलं तर कोणालाच काही कळत नाही. आपल्या उदाहरणात तीन गोष्टी ठरल्या. डिस्पॅच रोज सकाळी ११ पर्यंत मोकळ्या तारखा सगळ्यांना दिसतील अशा शीटवर टाकेल. सेल्सवाला त्यातलीच तारीख देईल, नसेल तर ‘उद्या दुपारी सांगतो’ म्हणेल. आणि चुकीचा विषय ग्रुपवर न काढता थेट फोनवर बोलेल.

तपासणी ३०, ६० आणि ९० दिवसांनी. शीटबाहेरच्या तारखा किती आणि ग्रुपवरचे मेसेज कसे, एवढंच पाहायचं. सुधारणा झाली तर तीही लेखी नोंदवा. सवलती आणि मदत देऊनही झाली नाही, तर लेखी ताकीद आणि चौकशी हा वेगळा मार्ग आहे. तो अप्रेझलच्या खोलीत उरकायचा नसतो.

कोणता विषय अप्रेझलमध्ये नकोच?

लैंगिक छळाची तक्रार. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून साधारण ३ महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. त्याहून छोट्या ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. डोंबिवली एमआयडीसीतल्या सात-आठ जणांच्या युनिटलाही हे लागू आहे. तिथे एचआर नसतं, मालकच सगळं बघतात. त्यांनी असा विषय ‘समजावून सांगतो’ म्हणून दोन मार्क कापून मिटवू नये. जातीवरून अपमान, मारहाण किंवा पैशांची अफरातफर यांचंही तसंच.

अप्रेझल न्याय्य झालं, हे कसं ओळखायचं?

मीटिंगनंतर त्या माणसाला विचारा, ‘तुला काय सांगितलं गेलं?’ त्याने प्रसंग, परिणाम आणि पुढे काय करायचं हे तिन्ही आपल्या शब्दांत सांगितलं, तर निरोप पोहोचला. तो म्हणाला, ‘लोकांना मी आवडत नाही,’ तर पोहोचला नाही, परत बसावं लागेल. सहमत नसेल, तर त्याचं म्हणणं त्याच कागदावर, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

आणि डिस्पॅचच्या ताई पुढच्या महिन्यात किती वाजता घरी पोहोचतात, तेही बघा. ती वेळ बदलली नसेल, तर मीटिंग कितीही छान झाली असली तरी टीमसाठी काहीच बदललेलं नाही.