धावचीत, यष्टिचीत आणि क्षेत्ररक्षणात अडथळा

धावचीत (रनआउट), यष्टिचीत (स्टम्पिंग) आणि क्षेत्ररक्षणात अडथळा (ऑबस्ट्रक्टिंग द फील्ड) हे क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होण्याचे तीन प्रकार आहेत. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या नियमावलीत ते अनुक्रमे नियम ३८, ३९ आणि ३७ मध्ये दिलेले आहेत. यष्टिचीत झालेल्या फलंदाजाचा बळी गोलंदाजाच्या नावावर जमा होतो, इतर दोन प्रकारांत मात्र तो कोणत्याही गोलंदाजाला मिळत नाही.

क्रीझ आणि फलंदाजाची सुरक्षितता

खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना यष्ट्यांच्या पुढे ४ फुटांवर (सुमारे १.२२ मीटर) एक रेषा आखलेली असते. तिला पॉपिंग क्रीझ म्हणतात. नियमानुसार या रेषेची मागची, म्हणजे यष्ट्यांकडची कड हीच खरी क्रीझ होय. फलंदाजाची बॅट किंवा शरीराचा एखादा भाग त्या कडेच्या आत जमिनीला टेकलेला असेल, तरच तो सुरक्षित ठरतो. बॅट नेमकी पांढऱ्या पट्ट्यावर असेल तर फलंदाज बाहेरच मानला जातो. बॅट रेषेच्या आत असूनही हवेत असेल, तर तीही उपयोगाची नाही.

या नियमाला २०१७ मध्ये एक अपवाद जोडण्यात आला. धावत किंवा सूर मारत येणाऱ्या फलंदाजाने एकदा बॅट आत टेकवली आणि पुढे जाण्याच्या वेगात ती उसळून हवेत गेली, तर तो बाद होत नाही. उभ्या जागी फटका मारताना ज्याचा मागचा पाय क्षणभर उचलला जातो, त्याला हा अपवाद लागू नाही. त्यामुळे पाय रेषेच्या आत असूनही असा फलंदाज यष्टिचीत होऊ शकतो.

यष्टिचीत आणि धावचीत यांतील फरक

फलंदाज क्रीझबाहेर असताना नियमानुसार यष्टीवरील बेल पाडली गेली, तर तो बाद होतो. यष्टिचीत ठरण्यासाठी आणखी तीन अटी आहेत: चेंडू नो-बॉल नसावा, फलंदाज धाव घेण्याच्या प्रयत्नात नसावा आणि यष्टिरक्षकाने दुसऱ्या क्षेत्ररक्षकाच्या मदतीशिवाय बेल पाडलेली असावी. यष्टिरक्षकाने चेंडू हातात धरूनच यष्टी मोडली पाहिजे असे नाही. त्याने दुरून फेकलेला किंवा त्याच्या पॅडवरून उसळलेला चेंडू यष्टीवर लागला, तरी फलंदाज यष्टिचीतच होतो. वाइड चेंडूवरही यष्टिचीत करता येते.

या अटींचा अर्थ दोन कसोटी सामन्यांच्या तुलनेतून स्पष्ट होतो. २ जुलै २०२३ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो कॅमेरॉन ग्रीनच्या उसळत्या चेंडूखाली वाकला. षटक संपले असे समजून तो क्रीझ सोडून पुढे चालू लागला. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरी याने चेंडू झेलताच यष्टीकडे फेकला होता. चेंडू यष्टीवर लागला तेव्हा बेअरस्टो बाहेर होता. तो धाव घेत नव्हता, चेंडू वैध होता आणि कॅरीला कोणाची मदत झाली नव्हती. म्हणून धावफलकावर त्याची नोंद यष्टिचीत अशी झाली आणि बळी ग्रीनला मिळाला. यष्टिरक्षकाकडे चेंडू गेला की तो लगेच निर्जीव होतो, हा समज येथे चुकीचा ठरतो. दोन्ही संघांनी चेंडू खेळात असल्याचे मानणे सोडले आहे, हे पंचांना स्पष्ट दिसेपर्यंत तो जिवंत असतो.

३१ जुलै २०११ रोजी ट्रेंट ब्रिजवर इयन बेलचीही अशीच चूक झाली. इऑन मॉर्गनचा फटका सीमापार गेला असे समजून तो चहापानासाठी निघाला. प्रत्यक्षात प्रवीण कुमारने चेंडू अडवला होता आणि तो परत आल्यावर अभिनव मुकुंदने बेल पाडली. फलंदाज धावा घेत होते आणि चेंडू क्षेत्ररक्षकांच्या हातून आला होता, म्हणून बेल धावचीत ठरला. कर्णधार महेंद्रसिंह धोनीने अपील मागे घेतल्याने त्याला पुढे खेळता आले. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाने अपील कायम ठेवले. फलंदाज बाद आहे की नाही हे नियम ठरवतो, तर अपील करायचे की मागे घ्यायचे हे क्षेत्ररक्षण करणारा संघ ठरवतो.

गोंधळात टाकणारे प्रसंग

नो-बॉलवर फलंदाज यष्टिचीत होत नाही, परंतु धाव घेताना धावचीत होऊ शकतो. फ्री हिटलाही हेच लागू आहे. यष्टिरक्षकाने चेंडू कोठे पकडला हेही महत्त्वाचे असते. ७ नोव्हेंबर २०१९ रोजी राजकोट येथे युझवेंद्र चहलच्या गोलंदाजीवर ऋषभ पंतने बांगलादेशच्या लिटन दासला यष्टिचीत केल्याचे वाटले. पुनर्दृश्यात पंतचे हातमोजे यष्ट्यांच्या पुढे आल्याचे दिसले. चेंडू बॅटला किंवा फलंदाजाला लागण्यापूर्वी, अथवा यष्ट्या ओलांडण्यापूर्वी यष्टिरक्षकाने पूर्णपणे यष्ट्यांच्या मागे असणे आवश्यक असते. त्यामुळे चेंडू नो-बॉल ठरला आणि दास वाचला. त्याच डावात पुढे पंतनेच त्याला धावचीत केले.

फलंदाजाचा सरळ फटका थेट गोलंदाजाच्या टोकाच्या यष्टीवर आदळला आणि तेथील फलंदाज बाहेर असला, तरी तो बाद होत नाही. चेंडूला आधी गोलंदाजाचे बोट किंवा एखाद्या क्षेत्ररक्षकाचा स्पर्श झाला असेल, तरच तो धावचीत ठरतो. अशा वेळी तिसरे पंच गोलंदाजाच्या हाताचे दृश्य पुन्हा पुन्हा पाहतात.

क्षेत्ररक्षणात अडथळा

या प्रकारात यष्टी मोडण्याची गरज नसते. फलंदाजाने शब्दाने किंवा कृतीने जाणूनबुजून क्षेत्ररक्षकांना अडवले किंवा त्यांचे लक्ष विचलित केले, तर तो बाद होतो. अपघाताने झालेला अडथळा किंवा इजा टाळण्यासाठी केलेली हालचाल यातून वगळली आहे. त्यामुळे निर्णय हेतूवर अवलंबून असतो.

बेन स्टोक्सच्या बाबतीत लॉर्ड्सवरच घडलेल्या दोन घटना हा भेद दाखवतात. ५ सप्टेंबर २०१५ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो क्रीझबाहेर असताना मिचेल स्टार्कने यष्टीकडे चेंडू फेकला. स्टोक्सने हात पुढे करून तो अडवला. स्वतःच्या बचावासाठी हात पुढे आला की यष्टी वाचवण्यासाठी, असा प्रश्न होता. तिसऱ्या पंचांनी कृती हेतुपुरस्सर मानून त्याला बाद दिले. १४ जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दुसरी धाव पूर्ण करण्यासाठी त्याने सूर मारला. मार्टिन गप्टिलने फेकलेला चेंडू त्याच्या बॅटला लागून सीमेपार गेला. स्टोक्सची नजर चेंडूवर नव्हती आणि बॅट क्रीझकडे जात होती. त्यामुळे हा अडथळा ठरला नाही आणि इंग्लंडला ६ धावा देण्यात आल्या.

धावताना सबळ कारणाशिवाय दिशा बदलून चेंडूच्या वाटेत येणे हाही अडथळा असतो. १२ मे २०२४ रोजी चेन्नई येथील आयपीएल सामन्यात रवींद्र जडेजा याच कारणाने बाद झाला. झेल घेणाऱ्याला कोणत्याही फलंदाजाने मुद्दाम अडवले, तर बाद मात्र फटका मारणारा होतो, कारण त्या अडथळ्यामुळे त्याचा बळी हुकलेला असतो.

चेंडू हाताळणे (हँडल्ड द बॉल) हा पूर्वी बाद होण्याचा स्वतंत्र प्रकार होता. २०१७ मध्ये तो या नियमात विलीन करण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये मीरपूर येथील न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत बांगलादेशच्या मुशफिकुर रहीमने चेंडू खेळल्यावर तो हाताने बाजूला सारला, तेव्हा त्याची नोंद क्षेत्ररक्षणात अडथळा अशी झाली.