उच्च पर्वतीय घसादुखी

उच्च पर्वतीय घसादुखी म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर पदभ्रमण किंवा गिर्यारोहण करताना थंड व कोरड्या हवेमुळे घशाला होणारा त्रास होय. घसा कोरडा पडणे, गिळताना टोचल्यासारखे वाटणे, आवाज बसणे आणि पुढे कोरडा खोकला सुरू होणे असा त्याचा क्रम असतो. नेपाळमधील एव्हरेस्ट शिखराच्या पायथ्याचा प्रदेश खुंबू या नावाने ओळखला जातो. तेथे हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की त्यातून उद्भवणाऱ्या खोकल्यास 'खुंबू खोकला' असेच नाव पडले आहे. हा त्रास बहुधा जंतुसंसर्गाविना होतो आणि खाली उतरल्यावर हळूहळू ओसरतो. मात्र झोपमोड, अन्नावरील अनिच्छा व थकवा यांमुळे तो मोहीम अर्धवट सोडण्यास भाग पाडू शकतो.

कारण

हवेत किती बाष्प मावेल हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. शरीराच्या तापमानाची, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसची एक लिटर हवा सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प धारण करू शकते. शून्य अंशाला हे प्रमाण ५ मिलिग्रॅमपेक्षाही कमी होते व उणे १० अंशाला ते जेमतेम २ मिलिग्रॅमच्या आसपास राहते. म्हणून अतिथंड हवेची सापेक्ष आर्द्रता कितीही असली, तरी तिच्यातील पाण्याचा प्रत्यक्ष अंश अत्यल्पच असतो.

फुप्फुसांच्या वायुकोशांत पोहोचणारी हवा उबदार आणि बाष्पाने संपृक्त असावी लागते. बाहेरच्या हवेत जे पाणी नसते, ते नाक, घसा व श्वासनलिका यांच्या आतील ओलसर आवरणातून पुरवले जाते. या आवरणावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि त्याखालील सूक्ष्म केसांसारखी रोमके तो थर धूलिकणांसह सतत वर ढकलत असतात. पाणी वेगाने निघून गेले की श्लेष्मा घट्ट व चिकट होतो, रोमकांची हालचाल मंदावते, आवरण उघडे पडून त्याचा दाह होतो. घसादुखी व खोकला हे या दाहाचेच परिणाम होत.

उंचीमुळे या क्रियेत आणखी एक भर पडते. एव्हरेस्टच्या दक्षिण तळछावणीवर (५,३६४ मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. पुरेसा प्राणवायू मिळावा म्हणून शरीर श्वसनाचा वेग आणि खोली वाढवते. त्यामुळे तेवढ्याच वेळात अधिक हवा ओली करावी लागते. शिवाय चढावर धाप लागली की नाकाचा मार्ग अपुरा पडून तोंडाने श्वास घेतला जातो आणि थंड हवा नाकातील व्यवस्थेला वळसा घालून थेट घशावर आदळते.

पाण्याच्या व्ययाचे उदाहरण

लोबुचे (सुमारे ४,९०० मीटर) येथून पहाटे निघून गोरक्षेपमार्गे तळछावणी गाठणे व परत गोरक्षेपला येणे, हा या मार्गावरील नेहमीचा टप्पा आहे. हवेचे तापमान उणे १० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के धरली, तर श्वासावाटे आत येणाऱ्या प्रत्येक लिटर हवेत सुमारे १ मिलिग्रॅम बाष्प असते. तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या उच्छ्वासात ते सुमारे ३६ मिलिग्रॅम असते. म्हणजे दर लिटरमागे ३५ मिलिग्रॅम पाणी शरीरातून जाते. चढावर मिनिटाला ४० लिटर हवा श्वासात घेतली जात असल्यास तासाभरात २,४०० लिटर हवा आत-बाहेर होते आणि सुमारे ८४ ग्रॅम पाणी खर्च होते. सहा तासांच्या चालीत हा व्यय अर्धा लिटर होतो.

तुलनेसाठी मुंबईच्या दमट हवेचा विचार करता येईल. २७ अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रता असताना तेथील एक लिटर हवेत १९ ते २० मिलिग्रॅम बाष्प असते. मिनिटाला ८ लिटर हवा घेत स्वस्थ बसलेल्या व्यक्तीचा श्वसनमार्गातील व्यय ताशी ७ ते ८ ग्रॅमच भरतो. अर्थात लोबुचेच्या चढावर घशाच्या आवरणाला दहापटीहून अधिक पाणी पुरवावे लागते. हे आकडे ढोबळ आहेत. दिवस चढल्यावर तापमान वाढते व चालीचा वेगही बदलतो. तरीही बाधा कोठे होते हे त्यांवरून स्पष्ट होते. अर्धा लिटर पाणी संपूर्ण शरीराच्या दृष्टीने फार नाही, पण ते सारे एका अतिशय पातळ थरातून जाते. प्रतिबंधाचे पुढील तिन्ही उपाय याच हिशेबातील वेगवेगळ्या बाबींवर काम करतात.

प्रतिबंध

*गळपट्टा.* नाकातोंडावरून घेतलेला गळपट्टा, मफलर किंवा नळीसारखे शिवलेले कापड (बफ) उच्छ्वासातील उष्णता व बाष्प काही अंशी अडवून ठेवते. पुढचा श्वास त्याच कापडातून येत असल्याने अडवलेले पाणी परत आत जाते. त्यामुळे कापड केवळ गळ्याभोवती गुंडाळून हा लाभ मिळत नाही. ते नाक व तोंड या दोहोंवर असावे लागते. ते खुंबूच्या वाटेवरील याकच्या पायांनी उडणारी बारीक धूळही थांबवते. कापड फार जाड असल्यास धाप लागताच व्यक्ती ते खाली ओढते आणि उपाय नेमका गरजेच्या वेळी निष्फळ ठरतो. म्हणून पातळ व सैल विणीचे कापड बरे. कडाक्याच्या थंडीत तोंडासमोरचा भाग गोठून कडक होतो. अशा वेळी कापड फिरवून कोरडा भाग पुढे आणतात किंवा दुसरे वापरतात. विश्रामगृहातील न तापवलेल्या खोलीत झोपतानाही ते तोंडावर सैलसर असू द्यावे, कारण रात्री नाक चोंदून तोंड उघडे राहिल्याने पहाटे घसा सर्वाधिक दुखतो.

*नाकाने श्वसन.* नाकपोकळीच्या भिंतींवर शिंपल्यासारख्या वळलेल्या पट्ट्या असतात. त्यांच्यामुळे हवेचा संपर्क मोठ्या ओलसर पृष्ठभागाशी येतो व ती घशात पोहोचण्यापूर्वीच बरीच ऊबदार आणि ओली होते. उच्छ्वासाच्या वेळी याच थंडावलेल्या पट्ट्यांवर बाष्पाचे पुन्हा पाणी होते. थंडीत नाक गळण्याचे ते एक कारण आहे. ही बचत तोंडाने श्वास सोडल्यास होत नाही. मात्र तीव्र चढावर केवळ नाकाने पुरेशी हवा घेता येत नाही आणि तसा हट्ट धरणे योग्य नाही. चालीचा वेगच असा ठेवावा की बहुतेक वेळ नाकाने श्वास घेता येईल व पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल. फार उभ्या चढावर नाकाने घेऊन तोंडाने सोडणे हा मध्यम मार्ग असतो. नाक कोरडे पडून खपल्या धरत असतील किंवा रक्त येत असेल, तर मिठाच्या पाण्याचे औषधी फवारे उपयोगी पडतात.

*द्रवपदार्थ.* प्यायलेले पाणी अन्ननलिकेतून जठरात जाते. स्वरयंत्र व श्वासनलिका त्याने ओली होत नाहीत. गिळताना घशाला मिळणारा ओलावाही क्षणिक असतो. पाण्याचे खरे काम श्वसनमार्गाच्या आवरणाला रक्तावाटे होणारा पुरवठा टिकवणे हे आहे. म्हणून केवळ भरपूर पाणी पिऊन, तोंड उघडे ठेवून चालणाऱ्या व्यक्तीचा घसा दुखायचा थांबत नाही. अन्नातील पाण्यासह सूप, चहा व कोमट पाणी धरून दिवसाला तीन ते चार लिटर द्रव बहुतेकांना पुरतो. तो एकदम न घेता थोडाथोडा घ्यावा. लघवी फिकट पिवळी असणे ही पुरेसे पाणी मिळत असल्याची सोयीची खूण आहे. त्याहून कितीतरी अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. पहाटेच्या थंडीत बाटलीतील पाणी तोंडाशी प्रथम गोठते; बाटली उलटी ठेवली किंवा लोकरी मोज्यात घातली तर ते टळते.

उपचार

घसा दुखू लागल्यावर चघळण्याच्या गोळ्या किंवा खडीसाखर तोंडात धरल्याने लाळ सुटते व तोंड मिटलेले राहते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मध घातलेले आले-लिंबाचे गरम पाणी आणि वाफारा यांनीही तात्पुरता आराम पडतो. विश्रामगृहांच्या भोजनगृहात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून शेगडी पेटवतात. तिच्या धुराने खोकला वाढतो, त्यामुळे शेगडीलगतची जागा टाळावी. जंतुसंसर्गाची चिन्हे नसताना प्रतिजैविके घेऊन लाभ होत नाही. सततच्या जोराच्या खोकल्याने बरगडीला चीर गेल्याची उदाहरणे आहेत.

अन्य विकारांपासून भेद

थंड हवेमुळे होणाऱ्या घसादुखीत ताप येत नाही आणि स्वस्थ बसल्यावर श्वास सामान्य होतो. ताप, मानेतील गाठी सुजणे किंवा घशात पू दिसणे ही संसर्गाची लक्षणे होत. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साचण्याचा विकार याहून गंभीर आहे. त्याचीही सुरुवात कोरड्या खोकल्याने होऊ शकते, पण सोबत्यांच्या मानाने एकाएकी मागे पडणे, विश्रांतीतही धाप लागणे, आडवे झाल्यावर गुदमरणे, ओठ निळसर होणे व पुढे फेसाळ गुलाबी थुंकी पडणे ही त्याची ओळख आहे. अशा वेळी 'घशाचाच खोकला आहे' असे समजून थांबणे प्राणघातक ठरू शकते. रुग्णाला त्वरित खाली नेणे हा मुख्य उपाय असून उपलब्ध असल्यास प्राणवायू द्यावा.

इतिहास

या त्रासाचे टोकाचे उदाहरण १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत आढळते. ४ जून रोजी हॉवर्ड सोमरवेल व एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूविना शिखराकडे निघाले. अनेक दिवस घशाच्या त्रासाने बेजार असलेले सोमरवेल वाटेत थांबले आणि नॉर्टन एकटेच सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोहोचले. उतरताना सोमरवेल यांच्या घशात काहीतरी अडकून श्वास पूर्ण कोंडला. त्यांनी दोन्ही हातांनी छाती दाबून जोराने खोकताच तो अडथळा बाहेर पडला. ते स्वरयंत्राचे सुटून आलेले आतील आवरण होते. स्वतः शल्यचिकित्सक असलेल्या सोमरवेल यांनी पुढील आयुष्याचा मोठा काळ तत्कालीन त्रावणकोरमधील नेय्यूर येथील रुग्णालयात रुग्णसेवेत घालवला.

संशोधन व मर्यादा

थंड व कोरडी हवा हे घसादुखीचे मुख्य कारण असले, तरी उंचीवरील खोकल्याचा संपूर्ण उलगडा तिने होत नाही. १९९७ साली फ्रान्समध्ये 'ऑपरेशन एव्हरेस्ट ३' या प्रयोगात आठ स्वयंसेवकांना कमी दाबाच्या बंद कक्षात ठेवून क्रमाने एव्हरेस्टच्या उंचीचा दाब निर्माण केला गेला. कक्षातील तापमान व आर्द्रता नियंत्रित असूनही 'उंची' वाढत गेली तसा रात्रीचा खोकला वाढला. त्यामुळे प्राणवायूच्या कमतरतेचा खोकल्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर स्वतंत्र परिणाम होत असावा, असे मानले जाते. गळपट्टा, नाकाने श्वसन व द्रवपदार्थ यांनी घशातील पाण्याचा व्यय घटतो व घसादुखी सौम्य होते. पण सर्व काळजी घेऊनही टिकणारा खोकला उंची कमी केल्याशिवाय जाईलच असे नाही.