समोरचा नुसतं 'हं' म्हणतोय की खरंच ऐकतोय? ऐकण्याचा सराव आणि त्याचं जर्नल

'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के.' हे वाक्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की ऐकलं असेल. आकडे खरे आहेत, पण ते कशाबद्दल आहेत हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी दोन प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात लोकांना 'कदाचित', 'धन्यवाद' अशा अर्थाचे सुटे इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, काही वेळा सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते असं वाटतं का? शब्द एक सांगतोय आणि सूर भलतंच, अशा वेळी लोक सुरावर आणि चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात, एवढंच त्यातून दिसलं. हे सूत्र भावना आणि आवडनिवडीपुरतंच आहे, असं मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं. तसं नसतं तर आवाज बंद करून सिनेमा पाहिला तरी निम्म्याहून जास्त गोष्ट कळली असती!

मग देहबोली नेमकं काय काम करते? याचं जास्त चांगलं उत्तर कॅनडातल्या एका प्रयोगात सापडतं.

ऐकणारा बिघडला की गोष्ट बिघडते

व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जॅनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाने आपल्यावर आलेला 'थोडक्यात वाचलो' असा प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा. पण काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं होतं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी' अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजा.

म्हणजे हे लोक कान देऊन ऐकत होते, फक्त अर्थाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. परिणाम असा झाला की सांगणाऱ्यांची गोष्ट ढासळली, आणि तीही सगळ्यात रंगायला हवी तिथे, म्हणजे शेवटाला. कोणी शेवट एकदम गुंडाळला, कोणी तोच पुन्हा पुन्हा सांगितला, तर कोणी 'म्हणजे तसं धोक्याचंच होतं ते' अशी सारवासारव करत बसला.

बॅव्हेलस यांनी ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादाचे दोन प्रकार केले. पहिला सर्वसाधारण: मान हलवणं, 'हं', 'हो का'. हा कुठल्याही गोष्टीला चालतो. दुसरा नेमका: ट्रक अंगावर आला म्हटल्यावर दचकणं, डोळे विस्फारणं, 'बाप रे, मग?' म्हणणं. हा त्या क्षणाला अर्थ कळल्याशिवाय येतच नाही. अक्षरं मोजणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त गायब झाला तो हाच दुसरा प्रकार.

त्यामुळे कोणी ऐकतंय का हे ओळखायचं असेल तर मान किती वेळा हलली हे मोजू नका. प्रतिसाद गोष्टीप्रमाणे बदलतोय का, ते बघा. फोनवर स्क्रोल करत 'हं हं' म्हणणाऱ्याला आपली आई लगेच पकडते ती याचमुळे. तिने वाईट बातमी सांगितली तरी 'हं' तोच असतो.

हा प्रयोग मित्रासोबत सहज करता येतो. त्याला तीन मिनिटं एखादा प्रसंग सांगायला लावा आणि तुम्ही 'म'ने सुरू होणारे शब्द मनात मोजा. झाल्यावर त्याला लगेच खरं सांगा, आणि गोष्ट साधी निवडायला लावा. कोणाचं दुःख यासाठी वापरू नये.

रॉजर्स यांचा नियम

दुसरा सराव समुपदेशनाच्या क्षेत्रातले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा. १९५२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या लेखात त्यांनी सुचवलं की वाद सुरू असताना एक नियम लावून पाहा: समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत सांगायची, आणि त्याने 'हो, बरोबर' म्हटल्यावरच आपला मुद्दा मांडायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहिलं की कळतं, दुसऱ्या वाक्यालाच आपण उत्तर तयार करायला लागलेलो असतो.

समजा, ताई धाकट्या भावाला सांगतेय, 'या ऑफिसला मी कंटाळलेय. दिवाळीला चार दिवस घरी यायचं म्हटलं तरी दहादा विचार करावा लागतो.'

भाऊ म्हणतो, 'म्हणजे तुला नोकरी सोडायचीय.'

'नाही रे, सोडायची कुठे? रजा मागायला गेलं की सर असं बघतात ना, की मागायचीच नको वाटते.'

'म्हणजे काम ठीक आहे, पण हक्काची रजा मागतानाही तुला अपराधी वाटतं?'

'हो. तेच.'

इथे भावाचं पहिलं वाक्य चुकलं, आणि सराव त्यामुळेच यशस्वी झाला. तो तिथेच 'सोडून दे मग' म्हणाला असता तर बोलणं भलत्याच रस्त्याला लागलं असतं. उलट, तिचीच वाक्यं पोपटासारखी परत म्हटली असती तर चूक उघडच झाली नसती. म्हणून शब्द आपलेच हवेत, आणि शेवटी सूर प्रश्नाचा हवा.

जर्नलमध्ये काय लिहायचं?

मासकॉमला संवादकौशल्याच्या विषयात असं जर्नल लिहायला लावतात, आणि बहुतेक पानांवर 'आज मी लक्षपूर्वक ऐकलं, छान वाटलं' एवढंच असतं. त्यातून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा पानाचे तीन भाग करा: काय दिसलं, मला काय वाटलं, विचारल्यावर काय कळलं.

वरच्याच बोलण्याची नोंद अशी होईल. दिसलं: 'सर असं बघतात' म्हणताना ताईने फोन पालथा ठेवला आणि पाच-सहा सेकंद ती खिडकीकडे बघत होती. वाटलं: तिला विषय बंद करायचाय. विचारल्यावर कळलं: ती किती रजा शिल्लक आहे ते मोजत होती.

पहिल्या भागात 'ती चिडलेली दिसली' असं लिहायचं नाही, कारण 'चिडलेली' डोळ्यांना दिसत नाही. दिसतात त्या आवळलेल्या मुठी किंवा चढलेला आवाज. हाताची घडी म्हणजे बचावात्मक पवित्रा, असं ठामपणे सांगणारे खूप आहेत. अनेकदा तिथे फक्त एसी जोरात असतो. नोंद त्याच रात्री करा, कारण दुसऱ्या दिवशी जे वाटलं होतं तेच 'दिसलं' म्हणून आठवायला लागतं. आठ-दहा नोंदी झाल्या की दुसरा आणि तिसरा भाग शेजारी ठेवून वाचा. आपला अंदाज कोणाबाबत आणि कुठल्या खुणेवर सारखा चुकतो, ते तिथे दिसतं.

या सरावाची मर्यादाही आहे. जॉन गॉटमन यांच्या गटाने १३० नवविवाहित जोडप्यांची भांडणं अभ्यासून १९९८ मध्ये लिहिलं की सुखी जोडपीही भांडताना असं 'म्हणजे तुला असं वाटतं का' क्वचितच करतात. स्वतःवरच आरोप होत असताना ते जवळपास कोणालाच जमत नाही. म्हणून सुरुवात तिसऱ्याच कोणाबद्दलच्या तक्रारीपासून करा, जसं भावाने ताईच्या ऑफिसपासून केली.