धान्यसाठा नोंदवही (शालेय पोषण आहार)

शाळेत शिजणाऱ्या दुपारच्या जेवणासाठी आलेला तांदूळ, डाळी, कडधान्ये आणि मसाल्याचे जिन्नस किती आले, रोज किती खर्ची पडले आणि किती उरले, हे मांडणारी वही. महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांत या जिन्नसांना ‘तांदूळ व धान्यादी माल’ म्हणतात. वहीची जबाबदारी मुख्याध्यापकाची असते. प्रत्यक्षात ती बहुधा आहाराचे काम सोपवलेल्या शिक्षकाच्या हातची असते. प्रत्येक जिन्नसाला स्वतंत्र पान असते. पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी यांचे हिशेब वेगळे ठेवतात, कारण दोन्ही गटांचे प्रमाण वेगळे आहे.

१९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा अशा रोजच्या वहीची गरज नव्हती. उपस्थिती पुरेशी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे. वाटपाची यादी आणि सह्या एवढ्यावर काम भागे. शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. शाळेत चूल पेटू लागली आणि हिशेब महिन्याऐवजी दिवसावर आला. (करोनाकाळात शाळा बंद असताना कोरडा शिधा पुन्हा घरोघर गेला, तेव्हा काही काळ जुनी वाटपयादीच कामी आली.) २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे असले, तरी गावात तिला अजून ‘खिचडी’च म्हणतात.

खर्चाचे सूत्र. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य. सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम. गुणाकार पटाने नव्हे, त्या दिवशी जेवलेल्या मुलांच्या संख्येने करायचा. तांदळाचे पान रोज हलते. डाळींचे तसे नसते: सोमवारी मूगडाळीची खिचडी झाली तर मूगडाळीचे पान हलते, मटकी आणि तूरडाळ जागच्या जागी राहतात. म्हणून पाककृतीचा रकाना शोभेचा नाही. कोणत्या जिन्नसाची शिल्लक त्या दिवशी उतरली पाहिजे, हे त्यावरूनच कळते.

उदाहरणासाठी पाचवीपर्यंतच्या, ५८ पटाच्या शाळेतले तांदळाचे एका आठवड्याचे पान घेऊ. आकडे किलोत आहेत.

| वार | जेवलेली मुले | आरंभीची शिल्लक | जमा | खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| सोम | ५२ | ६३.४०० | – | ५.२०० | ५८.२०० |
| मंगळ | ४९ | ५८.२०० | – | ४.९०० | ५३.३०० |
| बुध | ५० | ५३.३०० | १४८.६०० | ५.००० | १९६.९०० |
| गुरु | ५४ | १९६.९०० | – | ५.४०० | १९१.५०० |
| शुक्र | सुट्टी | १९१.५०० | – | – | १९१.५०० |
| शनि | ५१ | १९१.५०० | – | ५.१०० | १८६.४०० |

सुट्टीची ओळही लिहायची. रिकामी सोडलेली ओळ नंतर भरता येते, आणि तपासणाऱ्याला संशय तिथेच येतो. सोमवारी मूगडाळीच्या पानावर १.०४० किलो खर्च पडेल. आठवड्याचा ताळा सोपा: आरंभीचे ६३.४००, त्यात जमा १४८.६००, वजा एकूण खर्च २५.६००, उरले १८६.४००.

जमा. बुधवारची नोंद नीट पाहावी. पुरवठादाराने ५० किलोची तीन पोती आणली, पावतीवर १५० किलो. काट्यावर तिन्हींचे मिळून १५०.३४० भरले, म्हणजे वरवर पाहता माल थोडा जास्तच. पण तागाच्या एका पोत्याचे वजनच साधारण ५८० ग्रॅम असते. तीन पोत्यांचे १.७४० वजा केल्यावर तांदूळ १४८.६०० उरतो. पावती आणि प्रत्यक्ष यांतली १.४०० किलोची तूट म्हणजे चौदा मुलांचे एका दिवसाचे धान्य. पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहून मगच सही करावी आणि वहीत तोच आकडा जमा धरावा. टेम्पो घाईत असतो, शाळेचा काटा कधी कधी बिघडलेला असतो, आणि ‘पोत्यावर छापलंय ना पन्नास’ हे उत्तर ठरलेले असते. आता रोजची लाभार्थीसंख्या मोबाइल अ‍ॅपवरही भरावी लागते. तिथे १५० आणि वहीत १४८.६०० जमा पडले, तर दोन्हीकडची शिल्लक त्या दिवसापासून १.४०० ने वेगळी दिसत राहते. महिन्याअखेरी हा फरक शोधणारा खर्चाची पाने चाळत बसतो; चूक मात्र जमेच्या ओळीत असते.

वही आणि कोठी. या वहीचा खरा दोष तिच्या सूत्रातच आहे. खर्च मोजून लिहिला जात नाही, गुणाकाराने काढला जातो. त्यामुळे बेरीज-वजाबाकी नेहमी बरोबर येते आणि पोत्यांत काय आहे याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. पहिलीतल्या मुलाला १०० ग्रॅम तांदळाचा भात संपत नाही, म्हणून अनुभवी स्वयंपाकीण हात आखडून तांदूळ काढते. वहीत पूर्ण प्रमाण पडते आणि कोठीत धान्य वाढत जाते. उलट उंदीर, सांडलवंड आणि किडक्या धान्याची पाखडण यांनी ते घटते. जादा साठाही निर्दोष मानू नये. तो न शिजवलेल्या अन्नाचा, किंवा न आलेल्या मुलांच्या हजेरीचा पुरावा असू शकतो.

मोड आलेल्या मटकीचा प्रश्न वेगळा. ती आदल्या दिवशीच भिजत घालावी लागते, तेव्हा उद्या किती मुले येतील हे कोणालाच माहीत नसते. ५५ मुलांच्या अंदाजाने १.१०० किलो भिजवली आणि ४० मुले आली, तर सूत्र ०.८०० किलो खर्च सांगते. पण उरलेली ३०० ग्रॅम काही पोत्यात परत जात नाही. अशा वेळी शेऱ्याच्या रकान्यात भिजवलेले प्रमाण आणि कमी उपस्थितीचे कारण त्याच दिवशी लिहिणे प्रामाणिकपणाचे. फरक हळूहळू पुढच्या उपस्थितीत जिरवण्याची जी वाट काही जण धरतात, तिने हजेरीपत्रक आणि साठावही दोन्ही खोटी होतात.

पडताळणीला वेळ लागत नाही. शिल्लक १८६.४०० असेल तर कोठीत तीन भरलेली पोती आणि उघड्या पोत्यात ३६ किलोच्या आसपास तांदूळ दिसला पाहिजे. भरलेली पोती मोजायची, उघडे तेवढे तोलायचे. भरलेल्या पोत्यांत आधीच किलो-अर्धा किलोची घट असते, तेवढी मनात धरावी. पाहुण्या अधिकाऱ्याने अखेरची शिल्लक पाहून समाधान मानू नये. त्या दिवसाची हजेरी, चव नोंदवहीतली सही आणि रिकाम्या बारदानाची संख्या सोबत पाहावी. वापरलेल्या तांदळाच्या मानाने बारदाने कमी असतील, तर एकतर पोती परस्पर गेली किंवा खर्च फुगवला. महिनाभर उपस्थिती रोज सारखीच दिसली, तर बाजाराच्या दिवशी आणि पेरणीच्या आठवड्यात ती तशी कशी राहिली, हे विचारावे.

फरक सापडल्यावर जुने आकडे गिरवायचे नाहीत. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. साठ्यातली तूट किंवा वाढ शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसमोर तोलून, त्या तारखेला स्वतंत्र ओळीत कारणासह लिहायची आणि पुढची शिल्लक प्रत्यक्ष वजनावरून चालवायची.

उन्हाळी सुट्टीपूर्वी एप्रिलची मागणी शिल्लक वजा करून बेतानेच करतात. तांदळात सोंडे आणि कडधान्यात भुंगेरे होतात ते याच बंद महिन्यांत. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वहीतली शिल्लक तेवढीच असते, पण पाखडल्यावर मटकी तेवढी भरत नाही. म्हणून नव्या सत्राची पहिली ओळ मागच्या पानावरून उतरवण्याआधी सगळा साठा एकदा निवडून, तोलून घ्यावा लागतो.