हार्ट फेल्युअर: घरच्या वजनकाट्यावर दिसणारे पाणी

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागते तेवढे रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, अशी ही दीर्घकाळ चालणारी अवस्था आहे. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचले की त्यांचा समज होतो, शरीरात पाणी कमी पडले आहे. मग ती मीठ आणि पाणी लघवीवाटे सोडण्याऐवजी धरून ठेवतात. हे साठलेले पाणी पायांत, पोटात आणि शेवटी फुप्फुसांत उतरते. औषधे चालू असतानाही हा साठा वाढू शकतो. तो दम लागण्याच्या आधी ओळखायचा, तर सर्वांत सोपे साधन म्हणजे वजनकाटा.

त्यामागचे गणित साधे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. चरबी किंवा स्नायू दोन दिवसांत दोन किलोने वाढत नाहीत, त्यामुळे इतक्या झटपट वाढलेले वजन बहुतेक वेळा पाण्याचेच असते. पायांवर सूज नजरेला दिसेपर्यंत काही लिटर पाणी साठून गेलेले असू शकते.

वजन रोज एकाच पद्धतीने करावे लागते. सकाळी उठल्यावर लघवी करून यावे आणि चहापूर्वी, हलक्या कपड्यांत, अनवाणी काट्यावर उभे राहावे. काटा कडक, सपाट फरशीवर हवा. चटईवर ठेवला की आकडा फसवतो. काटा रोज तोच असावा. दवाखान्यातल्या काट्याशी त्याचे आकडे जुळले नाहीत तरी बिघडत नाही, कारण इथे आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा आहे. वजन लगेच कॅलेंडरवर किंवा वहीत लिहावे. अंगावर सूज नाही आणि श्वास मोकळा आहे, अशा दिवसांतले वजन डॉक्टर ‘कोरडे वजन’ म्हणून ठरवून देतात. रोजची तुलना त्याच्याशी करायची.

उदाहरणादाखल 62 वर्षांच्या एका रुग्णाची वही पाहू. त्यांचे कोरडे वजन 64 किलो. सोमवारी काटा 64.1 दाखवतो, मंगळवारी 64.3. मंगळवारी घरात लग्नकार्य, जेवणात लोणचे, पापड, मठ्ठा. बुधवारी 65.2, गुरुवारी 66.3. दम नाही, फक्त चपलेचा पट्टा घट्ट लागतो आणि रात्री एक उशी जास्त घ्यावी लागते. तीन दिवसांत वाढ 2.2 किलो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ ही डॉक्टरांना कळवण्याची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. काही डॉक्टर याहून लहान मर्यादा सांगतात. तसे असेल तर तीच पाळावी. रुग्ण गुरुवारीच फोन करतात, डॉक्टर लघवीच्या गोळीचा डोस तीन दिवसांसाठी वाढवतात आणि रविवारी वजन 64.4 वर येते. हाच फोन सोमवारपर्यंत लांबला असता, तर कदाचित रुग्णालयात दाखल व्हावे लागले असते. डॉक्टरांनी आधी लेखी योजना दिली नसेल तर गोळी आपल्या मनाने वाढवू नये. जास्त गोळीने रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पोटॅशियम बिघडते.

उलटा प्रकारही घडतो. जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळ्यात वजन दोन दिवसांत दीड-दोन किलोने उतरले आणि उभे राहताच चक्कर येऊ लागली, तर शरीर कोरडे पडत आहे. तेव्हाही फोन करायचाच.

लग्नातल्या जेवणात दोष पाण्याचा कमी, मिठाचा जास्त होता. शरीर आपला खारटपणा ठरावीक ठेवते. साधारण नऊ ग्रॅम जादा मीठ आत अडकले की त्याच्यासोबत लिटरभर पाणी अडकते. म्हणून दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, जास्त मीठ पोटात जाऊ नये असा सल्ला असतो. घरातले मोजमाप पुडीवरून काढता येते. चार माणसांच्या घरात किलोभर मिठाची पुडी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर मीठ लागते, आणि त्यात बाहेरचा फरसाण धरलेलाच नाही. भाकरीच्या पिठातले आणि भातातले मीठ काढले तर चवीला फारसे कमी वाटत नाही. लोणचे, सुकी मासळी, खारे दाणे, पापड यांचा वाटा मोठा असतो. पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागले नाहीत तरी त्यांत सोडियम असतेच. सैंधवाबद्दल मोठा गैरसमज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे उपवासाच्या पदार्थांत ते मोकळ्या हाताने घालण्यात काही अर्थ नाही. ‘लो सोडियम’ मिठाचा धोका वेगळा. त्यात पोटॅशियम असते आणि हार्ट फेल्युअरच्या अनेक गोळ्या रक्तातले पोटॅशियम वाढवणाऱ्या आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही शरीर मीठ-पाणी धरून ठेवते. वजन अकारण वाढले की अशी गोळी घेतली होती का, हे आधी आठवून पाहावे.

पाण्याची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी नसते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांवर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रेश-अप’ या डच अभ्यासात, दीड लिटरची मर्यादा पाळणाऱ्यांना आणि तहानेप्रमाणे पिणाऱ्यांना बरे वाटण्यात ठळक फरक आढळला नाही. मर्यादा पाळणाऱ्यांना तहानेचा त्रास मात्र अधिक झाला. आजार तीव्र असेल किंवा रक्तातले सोडियम उतरले असेल, तर डॉक्टर दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात. ती मोजायची एक सोय अशी: सकाळी दीड लिटर पाणी बाटल्यांत भरून ठेवावे. चहा, दूध, ताक, आमटी, पेज असे काहीही घेतले की तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाकावे. बाटलीत उरेल तेवढेच पिण्यासाठी. तहान लागली तर चूळ भरावी, लवंग चघळावी.

काट्याचीही मर्यादा आहे. दीर्घ आजारात भूक मंदावून मांस झडते, आणि त्याच वेळी पाणी साठत असेल तर आकडा हलतच नाही. काही वेळा वजन न वाढताही फुप्फुसांत पाणी उतरते. म्हणून वजनासोबत लक्षणांचीही नोंद हवी. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून खड्डा राहतो का, पोट फुगून दोन घासांतच जेवण पुरे होते का, वाकून चप्पल घालताना धाप लागते का, ते पाहावे. आडवे झाल्यावर पायांतले पाणी रक्तात परत येते आणि फुप्फुसांवर भार पडतो. त्यामुळे उशा वाढणे, आडवे पडताच खोकला येणे, झोपेतून गुदमरून उठून बसावे लागणे ही लक्षणे वजन तेच असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगण्याची आहेत.

बसल्या जागी दम लागणे, गुलाबी फेसाळ कफ पडणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काही झाले तर फोनवर सल्ला विचारत थांबू नये. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शुद्धीवर असून दम लागत असेल तर ती येईपर्यंत त्याला आडवे करू नये. पाय पलंगाखाली सोडून, पाठीला आधार देऊन ताठ बसवावे.